एका ‘हार्डली’मुळे

मार्च महिना आला की मला माझ्या हाताखालच्या अकरा जणांबद्दल हेड ऑफिसला मेल लिहावी लागते. प्रत्येकी चार-पाच ओळी, वर्षभरात त्यानं काय केलं ते. काम कंटाळवाणं असतं आणि नेहमी शेवटच्या संध्याकाळी होतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मी आमच्या मेन्टेनन्समधल्या एका मुलाबद्दल लिहिलं आणि पाठवून दिलं. तो आमच्याकडे कायम होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

वाक्य असं होतं: ‘ही हॅज हार्डली वर्क्ड इन द शटडाउन अँड डिडन्ट टेक नो लीव्ह.’

मला म्हणायचं होतं की शटडाउनमध्ये त्यानं जीव तोडून काम केलं आणि एकही रजा घेतली नाही. ते खरंही होतं. एकवीस दिवसांचं आमचं वार्षिक शटडाउन, प्लांट बंद करून सगळी यंत्रं उघडायची, आणि त्या एकवीस दिवसांत त्याच्या आजोबांचं वर्षश्राद्धसुद्धा येऊन गेलं. सकाळचे विधी आटोपून तो दुपारी बारा वाजता गेटवर हजर होता.

मे महिन्यात पगारवाढीची पत्रं आली. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. भांडायला नव्हता आला. एवढंच म्हणाला, “सर, माझं नक्की कुठं कमी पडलं ते सांगाल का? म्हणजे यंदा सुधारता येईल.” पत्रात त्याची वाढ सगळ्यांत कमी होती. मलाही आश्चर्य वाटलं. मी हेड ऑफिसच्या बाईंना फोन लावला आणि थोड्या आवाजातच विचारलं की मी एवढं चांगलं लिहिलेलं असताना असं कसं झालं. त्यांनी शांतपणे माझी मेल उघडली आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, “सर, तुम्हीच लिहिलंय की त्यानं शटडाउनमध्ये काही कामच केलं नाही. आणि पुढं रजेबद्दलही टोमणा आहे.”

फोन ठेवल्यावर मी ते वाक्य पाच वेळा वाचलं. पाचही वेळा मला ते बरोबरच वाटलं. त्या बाई काय म्हणतायत तेच कळेना. संध्याकाळी घरी जाताना दांडिया बाजारात आत्याकडे गेलो. आत्यानं तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय. मोबाइलवर मेल दाखवली. तिनं चष्मा वर सरकवला, वाचली आणि म्हणाली, “अरे, काय वाईट वागला रे हा मुलगा तुझ्याशी?”

तेव्हा मला घाम फुटला.

आत्यानं आधी वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतला. ‘हार्ड’ म्हणजे कष्टानं, जोर लावून. ‘क्विक’चं ‘क्विकली’ होतं, ‘स्लो’चं ‘स्लोली’ होतं, म्हणून ‘हार्ड’चं ‘हार्डली’ होत असणार, असा हिशोब आपण शाळेपासून मनात करून ठेवलेला असतो. पण ‘हार्ड’ला शेपूट लावायची गरजच नसते. ‘ही वर्क्ड हार्ड’ इतकंच पुरतं. शेपूट लावली की तो दुसराच शब्द होतो आणि त्याचा अर्थ ‘जवळजवळ नाहीच’ असा आहे. ‘लेट’ आणि ‘लेटली’ची हीच गत. ‘ही केम लेट’ म्हणजे तो उशिरा आला आणि ‘लेटली’ म्हणजे हल्ली. नात्यातले शब्द, पण अर्थ वेगळे.

मी म्हटलं, कष्टाचा शब्द एकदम ‘जवळजवळ नाही’वर कसा गेला? आत्या म्हणाली, “तू हिंदीत काय म्हणतोस? मुश्किल से मिलता है. म्हणजे मिळतं की नाही?” जुन्या इंग्रजीत ‘हार्डली’ म्हणजे खरोखर जोरानंच होतं. मग ‘मोठ्या कष्टानं’ झालं, मग ‘कसंबसं’, आणि घसरत घसरत ‘नाहीच म्हणा ना’पर्यंत आलं. आपलं ‘मुश्किलीनं’ त्याच उतारावर अर्ध्या वाटेत उभं आहे. ‘महिन्यात मुश्किलीनं एक सुट्टी मिळते’ असं म्हणताना आपल्या डोक्यात कष्ट नसतातच, सुट्टी मिळत नाही हेच असतं.

आता दुसरा अर्धा भाग. ‘डिडन्ट टेक नो लीव्ह.’ इथं माझी चूक वेगळ्या कारणानं झाली होती आणि ते कारण आपल्या मराठीत आहे. “सभेत कोणीच काहीच बोललं नाही” हे वाक्य घ्या. यात नकार किती? मी घाईघाईनं तीन म्हणालो. आत्या म्हणाली, नीट मोज. ‘नाही’ फक्त एकदा आहे. ‘कोणी’ म्हणजे कुणीतरी, ‘काही’ म्हणजे काहीतरी, त्यात नकाराचा अंशही नाही. ‘च’ नुसता जोर देतो. सगळा नकार शेवटच्या एका ‘नाही’वर उभा आहे. पण इंग्रजीत जाताना आपण ‘कोणीच’चं ‘नोबडी’ करतो, ‘काहीच’चं ‘नथिंग’ करतो आणि वर शेवटचा ‘नाही’ही ‘नॉट’ म्हणून सोबत नेतो. इंग्रजीतल्या ‘नोबडी’ आणि ‘नथिंग’च्या पोटात मात्र ‘नो’ आधीच बसलेला असतो. म्हणून मराठीत एकच असलेला नकार तिकडे पोहोचेपर्यंत तीन होतो. ‘एकही रजा घेतली नाही’मधला ‘एकही’ माझ्या डोक्यात ‘नो’ झाला आणि ‘नाही’ ‘डिडन्ट’ झाला. ‘मला अजिबात वेळ नाही’चं ‘आय डोन्ट हॅव नो टाइम’ होतं तेही याच रस्त्यानं.

दुरुस्ती दोनच प्रकारे होते. क्रियापदाला ‘नॉट’ लावला असेल तर पुढं ‘एनी’ येतो, म्हणजे ‘ही डिडन्ट टेक एनी लीव्ह’. किंवा ‘नॉट’ काढून टाकायचा आणि ‘नो’ ठेवायचा, म्हणजे ‘ही टुक नो लीव्ह’. दुसरं जास्त ठाशीव वाटतं, आणि मला तेच हवं होतं.

मला वाटलं होतं की आत्या आता दोन नकारांना खूप नावं ठेवेल. तसं झालं नाही. ती म्हणाली की दोन नकारांनी नकार घट्ट करणं हा गावंढळपणा वगैरे काही नाही. चॉसरच्या इंग्रजीत एका वाक्यात दोन-तीन नकार सहज असायचे, शेक्सपिअरच्या पात्रांच्या तोंडीही ते आहेत, आणि आजही इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी बोलींत लोक तसंच बोलतात. अठराव्या शतकात रॉबर्ट लाउथसारख्या व्याकरणकारांनी ‘दोन नकार एकमेकांना खोडतात’ हा नियम ठासून मांडला आणि लिखित, प्रमाण इंग्रजीत तो पक्का बसला. ऑफिसची मेल त्या लिखित इंग्रजीत येते, म्हणून तिथं तो पाळायचा, इतकंच.

आणि इथंच मला माझ्या मेलचं खरं दुखणं सापडलं. ‘डिडन्ट टेक नो लीव्ह’ एकटं असतं तर त्या बाईंना ते बरोबर समजलं असतं. चुकलंय, पण रजा घेतली नाही असं म्हणायचंय, हे कुणालाही कळतं. ते वाक्य मोडकं दिसतं आणि मोडकं दिसतं म्हणूनच वाचणारा सांभाळून घेतो. ‘ही हॅज हार्डली वर्क्ड’ मोडकं दिसत नाही. ते व्याकरणानं अगदी धडधाकट वाक्य आहे, फक्त माझ्या मनातलं नाही. कॉम्प्युटरनं त्याखाली लाल रेघ मारली नाही, कारण एकही स्पेलिंग चुकलेलं नव्हतं. त्या बाईंनी ते जसंच्या तसं घेतलं. आणि एकदा माणूस कामचुकार ठरल्यावर पुढच्या दोन नकारांचाही त्यांनी शब्दशः हिशोब केला. ‘रजा घेतली नाही असं नाही’, म्हणजे घेतलीच. पहिल्या चुकीनं दुसरीचा अर्थ फिरवला.

ज्या चुकीला आपण हसतो ती बहुधा निरुपद्रवी असते, हे मला तेव्हा कळलं. आमच्या ऑफिसात ‘आय डोन्ट हॅव नो टाइम’ लिहिणाऱ्याची थट्टा होते. त्या थट्टेत मीही असायचो.

यानंतर मी माझ्याच जुन्या मेल्स चाळल्या. सर्चमध्ये ‘हार्डली’ टाकलं आणि एकेक उघडत गेलो. ‘कष्टानं’ या अर्थी ती चूक आणखी दोनदा निघाली, पण सगळ्यांत जास्त वेळा सापडला तो वेगळाच नमुना: ‘आय डोन्ट हॅव हार्डली एनी टाइम.’ आता ‘हार्डली’चा अर्थ मला बरोबर माहीत होता, तरी ‘डोन्ट’ का लिहिला? कारण मनातलं वाक्य होतं ‘मला फारसा वेळ नाही’. आपल्या ‘फारसा’ला ‘नाही’ लागतोच. ‘मला फारसा वेळ आहे’ असं कुणी म्हणत नाही. ‘हार्डली’ला मात्र ‘नाही’ लागत नाही, तो ‘नाही’ गिळूनच बसलेला आहे. त्याला आणखी ‘नॉट’, ‘नो’, ‘नेव्हर’ किंवा ‘विदाउट’ जोडला की एक नकार फुकटचा वाढतो. ‘विदाउट हार्डली एनी डिले’ हेही माझ्याच मेलमध्ये होतं. तिथं ‘विथ हार्डली एनी डिले’ हवं.

तो ‘नाही’ आत आहे हे ओळखण्याची एक खूण आत्यानं दिली. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी ‘नाही का?’ असं विचारायची जी शेपटी असते ती बघायची. ‘ही कम्स डेली, डझन्ट ही?’ होकारी वाक्य, नकारी शेपटी. आता ‘हार्डली’ घाला: ‘ही हार्डली एव्हर कम्स, डझ ही?’ शेपटी होकारी झाली. म्हणजे वाक्यात कुठंही ‘नॉट’ दिसत नसला तरी इंग्रजी ते वाक्य नकारीच धरतं.

पण मला उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा आणि ती आपल्या बडोद्याच्या रस्त्यावरचीच आहे. आपण दिवसभर गुजराती बोलतो. ‘एटला मोडा भाग्ये ज कोई आवे छे’, इतक्या उशिरा क्वचितच कुणी येतं. यात कुठं ‘नथी’ आहे का? नाही. ‘भाग्ये ज’ आणि ‘हार्डली’ दोघांची चाल अगदी एक आहे, दोघांनाही होकारी क्रियापद लागतं. मराठीत ‘क्वचितच’ही तसाच, पण रोजच्या बोलण्यात आपण तो फारसा वापरत नाही (पाहा, इथंही ‘फारसा’ आणि ‘नाही’ बरोबरच आले). म्हणून आता ‘हार्डली’ लिहिताना मी तिथं मनात ‘भाग्ये ज’ ठेवून बघतो. ‘भाग्ये ज’बरोबर ‘नथी’ म्हणवत नाही, त्यामुळे ‘डोन्ट’ आपोआप गळतो. आणि मनात ‘फारसा नाही’च घोळत असेल तर ‘हार्डली’च्या वाटेला न जाता सरळ ‘आय डोन्ट हॅव मच टाइम’ लिहितो. खरं म्हणजे ‘फारसा नाही’चं इंग्रजी तेच आहे.

‘स्कार्सली’बद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो ‘हार्डली’चाच भाऊ, नियम तेच, फक्त जरा पुस्तकी. ऑफिसच्या मेलमध्ये त्याची गरज पडलेली मला आठवत नाही. ‘बेअरली’ मात्र वेगळा आहे आणि आमच्यासारख्या कामात तो महागात पडू शकतो. ‘बेअरली’ म्हणजे आपलं ‘जेमतेम’. ‘हार्डली’चा कल ‘झालं नाही’कडे असतो, ‘बेअरली’चा ‘झालं, पण थोडक्यात’कडे. ‘वी बेअरली फिनिश्ड बाय फाइव्ह’ म्हणजे पाचला काम संपलं, अगदी काठावर.

त्याच शटडाउनमध्ये रात्रपाळीनं दिवसपाळीसाठी एक मेल टाकली होती: ‘वी कुडन्ट बेअरली टाइटन ऑल द बोल्ट्स.’ एका मोठ्या फ्लँजचे चोवीस बोल्ट होते. आता हे आवळले की नाही आवळले? ‘कुड बेअरली’ असतं तर ‘मोठ्या मुश्किलीनं आवळले’ असं निघालं असतं. ‘कुडन्ट’ एकटा असता तर सगळे आवळता आले नाहीत असं. दोन्ही मिळून आले तेव्हा सकाळच्या माणसापुढं प्रश्न पडला. लिहिणारा तोवर घरी जाऊन झोपला होता, फोन बंद. सकाळच्या माणसानं शहाणपणा केला आणि टॉर्क रेंच घेऊन चोवीसच्या चोवीस बोल्ट पहिल्यापासून तपासले. दीड तास गेला. सहा बोल्ट ढिले निघाले. तो सकाळचा माणूस म्हणजे हाच मुलगा, ज्याच्याबद्दल मी ‘हार्डली वर्क्ड’ लिहिलं.

हा प्रसंग मी आत्याला सांगितला तेव्हा ती म्हणाली की तिथं ‘बेअरली’ बरोबर लिहिला असता तरी ते वाक्य वाईटच होतं. “बोल्ट मोजता येतात ना? मग ‘अठरा आवळले, सहा राहिले’ लिहावं की.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे तिन्ही शब्द अंदाजाचे आहेत, आणि जिथं आकडा हाताशी आहे तिथं आपण त्यांच्याकडे का धावतो कोण जाणे. मला वाटतं, इंग्रजी जरा भारदस्त दिसावं म्हणून. निदान माझं कारण तेच होतं.

याचा अर्थ एका वाक्यात दोन नकार कधीच चालत नाहीत असा नाही. आत्ताचंच माझं वाक्य बघा, त्यात दोन नकार आहेत आणि ते एकमेकांना खोडतात, तसंच मला हवं होतं. ‘आय डोन्ट डिसअॅग्री’ हेही चांगलं इंग्रजी आहे. माझा विरोध नाही, पण पूर्ण होकारही देत नाही, असा हातचा राखून केलेला होकार. साहेबांना मेल लिहिताना फार कामाचा. तिथं लिहिणाऱ्याला खोडायचंच असतं. माझ्या मेलमध्ये मला नकार घट्ट करायचा होता.

त्या मुलाचं पुढं काय झालं ते सांगायला हवं. आत्याकडून घरी आलो आणि त्याच रात्री हेड ऑफिसला दुसरी मेल लिहिली. चूक माझ्या इंग्रजीची आहे, त्याच्या कामाची नाही, असं स्पष्ट लिहिलं. त्या बाईंनी मदत केली. पण पत्रं निघून गेली होती, नवी वाढ जुलैपासून लागू झाली आणि एप्रिल ते जूनचा फरक मिळाला नाही. तीन महिन्यांचा तो फरक मी माझ्या खिशातून द्यायचं ठरवलं होतं, पण त्यानं घेतला नाही.

त्याला खरं कारण सांगणं सगळ्यांत जड गेलं. हेड ऑफिसचा गोंधळ झाला, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं, आणि दोन दिवस मी तसा विचार करतही होतो. तिसऱ्या दिवशी त्याला बोलावून मेल दाखवली. त्यानं वाचली आणि म्हणाला, “बरोबर तर आहे, सर. मी हार्डली काम केलंच होतं.” म्हणजे त्यालाही तोच अर्थ वाटत होता. मग आत्यानं मला जे सांगितलं ते मी त्याला सांगितलं, ‘मुश्किल से’पासून ‘भाग्ये ज’पर्यंत. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला. नोकरीसाठी पाठवलेल्या सगळ्या अर्जांत त्यानं ‘आय ऑलवेज वर्क हार्डली’ असं लिहिलं होतं.

“किती ठिकाणी पाठवले होतेस?” मी विचारलं.

“चाळीस तरी असतील,” तो म्हणाला. “फक्त तुमच्याकडून बोलावणं आलं.”

त्याचा अर्ज निवडणाराही मीच होतो.